पक्षी दुसरीकडे जातील, पण कुठे?

खाडीत भराव टाकायचा प्रस्ताव आला की जनसुनावणीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं: पक्ष्यांना पंख आहेत, ते दुसरीकडे जातील. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. नकाशात पाहिलं तर किनाऱ्यावर चिखल पुष्कळ दिसतो. त्यातला एक तुकडा गेला तर पक्षी शेजारच्या तुकड्यावर उतरतील, असं वाटणं साहजिक आहे. माझं म्हणणं असं की हे वाक्य आता निव्वळ अंदाज राहिलेलं नाही. दक्षिण कोरियात ते प्रचंड प्रमाणावर तपासून झालं आहे, आणि ते खोटं ठरलं आहे. त्याचा निकाल माहीत असताना आपण आपल्या खाड्यांबद्दल तेच वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारणं बरोबर नाही.

ही हकिगत ग्रेट नॉट नावाच्या पक्ष्याची आहे. साळुंकीहून जरासा मोठा, करड्या पाठीचा, छातीवर गडद ठिपके असलेला हा किनारपक्षी. ईशान्य सैबेरियातल्या डोंगरमाथ्यांवर तो घरटी करतो आणि उरलेलं वर्ष मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर काढतो. मार्चच्या शेवटी तो तिथून उत्तरेला निघतो आणि तीन-चार दिवस न थांबता उडत पिवळ्या समुद्राच्या काठी, म्हणजे चीन आणि कोरियाच्या मधल्या उथळ समुद्रावर पोचतो. शांघायजवळच्या किनाऱ्यापर्यंतचं अंतर सुमारे 5,400 किलोमीटर भरतं. तिथे तो महिना-दीड महिना राहतो आणि मेमध्ये पुढची झेप घेतो. या मुक्कामात त्याच्या शरीरात काय घडतं ते समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही, म्हणून तिथे थोडं थांबू.

उडण्यासाठी पक्षी चरबी जाळतो. चरबी साठवायला पाणी लागत नाही, त्यामुळे एक ग्रॅम चरबीतून एक ग्रॅम ओल्या स्नायूच्या सात-आठ पट ऊर्जा मिळते. लांबच्या उड्डाणाआधी हे पक्षी अक्षरशः दुप्पट होतात. अलास्काहून दक्षिणेला निघालेल्या पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्यांची काही पिल्लं एकदा रडारच्या घुमटावर आपटून मेली. त्यांची तपासणी झाली तेव्हा वजनातला निम्म्याहून अधिक भाग निव्वळ चरबीचा निघाला. जठर, यकृत, आतडी मात्र लहान झालेली होती. उडताना जे कामाचं नाही त्याचं ओझं पक्षी निघण्यापूर्वीच कमी करतो.

ग्रेट नॉटच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसलं. ऑस्ट्रेलियाहून निघण्याच्या बेतात असलेले पक्षी आणि चीनला नुकतेच पोचलेले पक्षी यांची तुलना 2000 साली प्रसिद्ध झाली. मेंदू आणि फुप्फुसं सोडली तर बाकी जवळजवळ सगळे अवयव प्रवासात आक्रसले होते. चरबी तर संपतेच, शिवाय शरीर स्वतःचं मांसही थोडं जाळतं. म्हणजे पिवळ्या समुद्रावर उतरणारा पक्षी नुसता भुकेला नसतो, त्याची पचनसंस्थाही झिजलेली असते. नॉट शिंपले अख्खे गिळतो आणि जठराच्या जाड स्नायूंनी पोटात फोडतो. ते जठरच लहान झालेलं असलं तर समोर शिंपल्यांचा खच पडलेला असूनही त्याला पोटभर खाता येत नाही. पहिले काही दिवस अवयव पुन्हा उभे करण्यात जातात आणि वजन फारसं वाढत नाही. त्यानंतर चरबीची भर सुरू होते. या काळात लहान, पातळ कवचाचे शिंपले विपुल असलेला चिखल त्याला लागतो, कारण कवचच जास्त असेल तर जठराची सगळी शक्ती ते फोडण्यातच जाते.

एखादा तुकडा गेला तर फरक किती पडेल, हा प्रश्न आता हिशेबाने सोडवता येतो. घरखर्चाचं उदाहरण घेऊ. शंभर रुपये मिळकत आहे आणि सत्तर रुपये जगण्यावर जातात. तीस शिल्लक पडतात. मिळकत दहा टक्क्यांनी घटली, पण खर्च तेवढाच राहिला, तर शिल्लक वीसवर येते. मिळकतीतली घट दहा टक्के, शिल्लकीतली तेहतीस. पक्ष्याची चरबी ही अशी शिल्लक आहे. समजा, त्याला निघण्यापूर्वी 80 ग्रॅमची भर घालायची आहे आणि अवयव सावरल्यावर हाती 28 दिवस उरतात. हे आकडे सोयीसाठी घेतलेले, गोळाबेरीज आहेत. म्हणजे रोज जेमतेम तीन ग्रॅम वजन वाढायला हवं. चिखल कमी झाल्यामुळे गर्दी झाली, किंवा चांगल्या जागा गेल्या, आणि रोजचं खाणं फक्त दहा टक्क्यांनी घटलं, तर रोजची भर दोन ग्रॅमच्या खाली येते. ठरलेल्या दिवशी निघायचं तर अंगावर 80 ऐवजी 53 ग्रॅम असतील. पूर्ण भर घालायची तर आणखी दोन आठवडे थांबावं लागेल. सैबेरियातला उन्हाळा त्याच्यासाठी थांबत नाही. उशिरा पोचणाऱ्याला जागा मिळत नाही, पिल्लांच्या वाढीच्या वेळचे कीटक संपत आलेले असतात. अपुऱ्या चरबीवर निघालेला पोचतो, पण घरटं करण्याची ताकद राहत नाही, किंवा तो पोचतच नाही.

यात आणखी एक बंधन आहे, ते भरती-ओहोटीचं. चिखल दिवसातून दोनदा उघडा पडतो आणि दोनदा बुडतो. पक्ष्याचं खाण्याचं वेळापत्रक समुद्र ठरवतो, उजेड-अंधार ठरवत नाही. म्हणून ओहोटीला रात्रीही चरणं चालू असतं. भरतीला त्याला कोरड्या किंवा उथळ जागी जाऊन उभं राहावं लागतं. ही विसाव्याची जागा चिखलापासून दूर असेल, किंवा तिथे माणसं, कुत्री सतत उठवत असतील, तर खाऊन मिळवलेलं उडण्यात खर्च होतं. उधाणाच्या दिवसांत पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. तेव्हा आणखी आतल्या, उंच विसाव्याची गरज पडते. चिखल शाबूत ठेवला आणि मागची मिठागरं, तळी बुजवली, तरी चिखलाचा उपयोग कमी होतो. किनारपट्टीचे नकाशे रंगवणाऱ्या अनेकांच्या ध्यानात ही गोष्ट येत नाही.

आता कोरियाकडे वळू. दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर मानग्योंग आणि दोंगजिन या दोन नद्यांच्या मुखाशी सेमांगम नावाचा विशाल चिखलपट्टा होता. उत्तरेकडे जाणाऱ्या ग्रेट नॉटचा तो जगातला एक सर्वात मोठा थांबा. शेतीसाठी जमीन मिळवायची म्हणून 1991 साली तिथे समुद्रात भिंत बांधायला सुरुवात झाली. मच्छीमार, शिंपले गोळा करणाऱ्या बायका, पर्यावरणवादी यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मार्च 2006 मध्ये निकाल प्रकल्पाच्या बाजूने लागला आणि एप्रिलमध्ये 33 किलोमीटरची ती भिंत पूर्ण झाली. सुमारे 400 चौरस किलोमीटर क्षेत्राचा खुल्या समुद्राशी संबंध तुटला. भरती थांबली आणि शिंपल्यांचे थर मेले.

या प्रसंगाला शास्त्रीय मोल आलं ते एका साध्या कामामुळे. कोरियातले आणि ऑस्ट्रेलियातले पक्षी अभ्यासक 2006 ते 2008 अशी सलग तीन वर्षं तिथे मोजणी करत राहिले. त्यांनी फक्त सेमांगमच मोजलं नाही. उत्तरेला ग्युम नदीचं मुख आणि दक्षिणेला गोम्सो उपसागर, या दोन शेजारच्या जागाही मोजल्या. पक्षी दुसरीकडे जातात हे खरं असेल, तर सेमांगममध्ये जेवढे घटले तेवढे शेजारी वाढायला हवे होते. शेजारी काही पक्षी वाढले, पण घटलेल्यांच्या मानाने ते फारच थोडे होते. सुमारे 90,000 ग्रेट नॉटचा हिशेब लागेना. देशभरच्या मोजणीतही ते सापडले नाहीत. पुढे ऑस्ट्रेलियात, त्यांच्या हिवाळी मुक्कामीही संख्या घसरलेली आढळली. त्या वेळच्या अंदाजांप्रमाणे हा जगातल्या एकूण ग्रेट नॉटचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त होता. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीला संकटग्रस्त ठरवलं.

ते पक्षी शेजारी का गेले नाहीत, याचं उत्तर वरच्या हिशेबात आहे. शेजारचे चांगले चिखल रिकामे नव्हते. तिथे जितके शिंपले तितके पक्षी आधीपासून होते. नव्या पक्ष्यांना उरलेसुरले भाग मिळाले, जिथे रोजची भर पुरेशी होत नव्हती. पंख असणं आणि दुसरीकडे जेवण शिल्लक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर रास्त प्रश्न येतो: पक्षी चिखल गेल्यामुळेच घटले कशावरून? शिकार, बदलतं हवामान, घरट्यांच्या प्रदेशातली गडबड, कारणं इतरही असू शकतात. हा प्रश्न झटकण्यासारखा नाही आणि अभ्यासकांनी तो झटकला नाही. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या रोबक उपसागरात पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घालून त्यांची वैयक्तिक ओळख ठेवली जाते. कोणता पक्षी कधी दिसला, कधीपासून दिसेनासा झाला, याच्या नोंदींवरून वर्षाच्या कोणत्या भागात तो मेला असेल ते काढता येतं. पक्षी अभ्यासक थेउनिस पियर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली ग्रेट नॉट, रेड नॉट आणि पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा या तीन जातींचा असा हिशेब मांडला. ऑस्ट्रेलियातल्या मुक्कामात तगून राहण्याचं प्रमाण चांगलंच होतं. घसरण झाली होती ती पक्षी ऑस्ट्रेलियाबाहेर असतानाच्या महिन्यांत, आणि तिन्ही जातींमध्ये एकाच सुमाराला. या तिघांची घरटी वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या प्रकारच्या जमिनीवर असतात. तिघांना जोडणारा दुवा म्हणजे पिवळा समुद्र. पुढच्याच वर्षी दहा प्रकारच्या किनारपक्ष्यांची तुलना झाली आणि जो प्रकार पिवळ्या समुद्रावर जितका जास्त विसंबलेला, तितकी त्याची घट जास्त, असं दिसून आलं. दरम्यान उपग्रहचित्रं आणि जुने नकाशे ताडून त्या समुद्राभोवतीचा चिखल पन्नासेक वर्षांत दोन तृतीयांशाच्या आसपास नाहीसा झाल्याचं सिद्ध झालं होतं. इतर कारणं नाहीत असं कोणी म्हणत नाही. पण एवढ्या दिशांनी पुरावा एकाच जागेकडे बोट दाखवत असेल, तर संशयाचा फायदा भरावाला देत राहणं मला अप्रामाणिक वाटतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो, कारण तिचा संबंध आपल्याकडच्या फसव्या समाधानाशी आहे. चीनच्या बोहाय उपसागरात लुआननान किनाऱ्यावर रेड नॉट मोठ्या संख्येने उतरतात. एका लहान, पातळ कवचाच्या शिंपल्यावर ते तिथे चरबी चढवतात. 2007 ते 2010 या काळात आजूबाजूचे चिखल बंदर आणि उद्योगांसाठी भरले जात होते, आणि उरलेल्या पट्ट्यावर रेड नॉटची संख्या कित्येक पटींनी वाढत होती. फक्त त्या पट्ट्यावर उभं राहून मोजणाऱ्याला वाटलं असतं, की पक्षी भरभराटीला आले आहेत. प्रत्यक्षात आजूबाजूच्या जागा संपल्यामुळे ते दाटीवाटीने एका कोपऱ्यात ढकलले जात होते. एका जागेवरची वाढती संख्या ही त्या जातीच्या खुशालीची खूण नसते. ती शेजारच्या जागा हरवल्याची खूणही असू शकते. फरक ओळखायचा तर शेजारही मोजावा लागतो, आणि पक्षी धरून त्यांचं वजन पुरेशा वेगाने वाढतं आहे का, हे पाहावं लागतं.

ठाण्याच्या खाडीबद्दल आपण जे बोलतो ते या प्रकाशात पाहायला हवं. फ्लेमिंगोंचे गुलाबी फोटो दरवर्षी येतात, आणि एवढे पक्षी येत आहेत म्हणजे सगळं ठीक आहे, असा अर्थ सहज काढला जातो. खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, हे चांगलंच झालं. पण अभयारण्य मुख्यतः ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाचं आणि कांदळवनाचं आहे. भरती चढली की तिथले चिखले, तुतारी, पाणटिवळे असे हजारो किनारपक्षी आणि फ्लेमिंगो उरणच्या पाणजे, भेंडखळ, बेलपाडा या भागांत आणि नवी मुंबईच्या टी. एस. चाणक्य, एनआरआय या तळ्यांवर विसाव्याला जातात. या जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. पाणजेत भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग अडवले जात असल्याच्या तक्रारी स्थानिक मच्छीमार आणि पर्यावरण कार्यकर्ते कितीतरी वर्षं करत आले आहेत. कागदावर ती पाणथळ आहे की मोकळा भूखंड, यावरच वाद घातला जातो.

आपली खाडी पिवळ्या समुद्राच्या वाटेवर नाही, इथले बहुतेक पक्षी मध्य आशियाच्या वाटेने जातात. आपल्याकडे ते सबंध हिवाळा असतात, म्हणून ही थांब्याची जागा नव्हे असंही कोणी म्हणेल. पण मार्च-एप्रिलमध्ये, हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारावर किंवा त्याही पलीकडे उत्तरेला जाण्यापूर्वी, पहिल्या झेपेची चरबी ते इथल्याच चिखलावर चढवतात. त्या पाच-सहा आठवड्यांत भरतीचा विसावा चिखलापासून दूर गेला, तर घरखर्चाचा तोच हिशेब लागू होतो: खर्च वाढतो आणि शिल्लक घटते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या विसाव्यांच्या संरक्षणाची मागणी करत आली आहे. त्यात नवी मुंबईच्या विमानतळाचाही स्वार्थ आहे. विसाव्याच्या जागा बुजवल्या तर भरतीच्या वेळी हवेत फिरणारे थवे जवळच्या मोकळ्या, सपाट जागेवर उतरू पाहणार, आणि धावपट्टी तशीच जागा आहे.

विकासाला विरोध म्हणून मी हे लिहीत नाही. बंदरं लागतात, घरं लागतात, आणि या शहरात जागेची चणचण किती आहे हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. माझा आक्षेप फुकटच्या हिशेबाला आहे. पक्षी दुसरीकडे जातील असं म्हटलं की प्रकल्पाच्या खर्चातली एक बाजू शून्य धरली जाते. ती शून्य नाही हे सेमांगमने दाखवलं. बरं, ज्या जमिनीसाठी ते सगळं केलं, तिचा मोठा भाग भिंत पूर्ण झाल्यावर सतरा वर्षांनीही मोकळा होता. 2023 चा जागतिक स्काउट मेळावा तिथल्याच भराव जमिनीवर भरला.

चुकीची दिशा बदलता येते, याचं उदाहरणही त्याच समुद्रावर आहे. 2018 मध्ये चीनने व्यापारी कारणांसाठी समुद्रात भराव घालण्यावर कडक बंधनं आणली. पुढच्या वर्षी जिआंगसू प्रांतातला यानचेंगचा चिखल जागतिक वारसा यादीत गेला. त्यातला तिआओझिनी हा भाग आधी भरावासाठी राखलेला होता. तिथल्या प्रशासनाने 2020 मध्ये किनाऱ्यालगतची मत्स्यशेतीची तळी परत घेतली आणि 48 हेक्टर जागा भरतीच्या विसाव्यासाठी तयार केली. पाण्याची पातळी उथळ ठेवली, मध्ये उघडे उंचवटे सोडले, गवत वाढू दिलं नाही. अत्यंत दुर्मीळ झालेली चमच्या चोचीची तुतारीसुद्धा ती जागा वापरू लागली. ग्रेट नॉट यामुळे पूर्वीच्या संख्येवर आलेला नाही. गेलेला चिखल तर परत येतच नाही. पण 48 हेक्टर म्हणजे अर्धा चौरस किलोमीटरही नव्हे, आणि त्यामागे पसरलेल्या चिखलाच्या मानाने तो ठिपका आहे. तेवढी जागा नेमकी योग्य ठिकाणी असली तर तिच्यामुळे पुढच्या सगळ्या चिखलाचा उपयोग वाढतो.

म्हणून मागणी नेमकी असायला हवी. खाडीकिनाऱ्यावरच्या कोणत्याही प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात आज पक्ष्यांची यादी असते आणि थोड्या दिवसांच्या मोजणीवर आधारलेले आकडे असतात. यादीवरून काही ठरत नाही. एका दिवशी पाच हजार पक्षी दिसले, तर हंगामभरात ती जागा त्याहून किती तरी जास्त पक्ष्यांनी वापरलेली असू शकते, कारण आज निघून गेलेल्यांच्या जागी उद्या नवे उतरतात. अहवालात मार्च ते मे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या दोन्ही काळांतली, भरती आणि ओहोटीची वेगवेगळी मोजणी असावी. कोणता चिखल कोणत्या विसाव्याशी जोडलेला आहे, ते नकाशावर यावं. पक्षी दुसरीकडे जातील असं प्रकल्पाने म्हटलं, तर त्या दुसऱ्या जागेचं नाव, तिथलं खाद्य आणि तिथे आधीपासून असलेल्या पक्ष्यांची संख्या सांगण्याची जबाबदारी प्रकल्पाची असावी. सेमांगमच्या भिंतीआधी शेजारच्या दोन खाड्यांबद्दल एवढं जरी विचारलं गेलं असतं, तरी तिथे जागा शिल्लक नाही हे उत्तर मिळालं असतं. उरण-नवी मुंबईच्या बाबतीत ते विचारायला अजून वेळ आहे, आणि पाणजेपासून सुरुवात करता येईल.